जाम झालेला बोल्ट आणि प्लगची वायर

प्रश्न : आमच्या सोसायटीत, घोडबंदर गावाच्या बाजूला, बागेसाठी पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन आहे. दोन पावसाळे झाले, पातं एकदाही काढलेलं नाही. आता ते गवत कापण्याऐवजी ओरबाडतं, टोकं पिवळी पडतात, म्हणून धार लावायला काढायचं ठरवलं. पण पात्याच्या मधला बोल्ट हलत नाही. माळीबुवांनी स्क्रू पाना लावून पाहिला, पाना घसरला आणि बोल्टच्या डोक्याचे दोन कोपरे थोडे गोल झाले. मग पान्याला दीड हात लोखंडी पाइप लावला, तरीही काही नाही. रॉकेल घालून रात्रभर ठेवलं. एका ओळखीच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, ‘आधी प्लगची वायर काढा, मग काय ते करा.’ मशीन बंद आहे, खटका ‘स्टॉप’वर आहे, मग वायर काढून काय साधणार? आणि इतका घट्ट कुणी केला हा बोल्ट? आम्ही तर हातही लावला नव्हता.
— एक वाचक, घोडबंदर

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तो बोल्ट घट्ट केला तुमच्या मशीननेच. एकदा हे ध्यानात आलं की वायर का काढायची, लाकूड कुठे अडकवायचं आणि पाइप का लावायचा नाही, ही तिन्ही उत्तरं त्यातूनच निघतात.

मशीन आडवं करून पोटाकडून पाहा. इंजिनचा क्रँकशाफ्ट उभा खाली येतो, त्याच्या टोकाला पातं बसतं आणि मधोमध एकच बोल्ट ते पातं शाफ्टला आवळून धरतो. (गवत कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने 1830 साली केलं. त्यात आडवा फिरणारा रूळ होता, क्रिकेटच्या मैदानांवर आजही तसलीच मशीनं चालतात. त्यात हा मधला बोल्ट नसतो, म्हणून ही कटकटही नसते.) तर अशा पोटाकडून पाहिलं की हातानं ढकलायच्या जवळजवळ सगळ्या मशीनांचं इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. बोल्टचे आटे मात्र नेहमीचेच, म्हणजे उजवे : घड्याळाच्या दिशेने आवळले जाणारे.

आता मशीन चालू आहे असं धरा. शाफ्ट घड्याळाच्या उलट फिरतोय आणि पातं गवतातून ओढलं जातंय. गवत पात्याला मागे धरतं, म्हणजे शाफ्टच्या मानाने पात्यावर घड्याळाच्या दिशेचा ओढा बसतो. पातं बोल्टच्या डोक्याला घासून बसलेलं असतं, त्यामुळे तो ओढा बोल्टपर्यंत पोचतो आणि बोल्ट आवळायच्या दिशेने ढकलला जातो. लहानसा दगड, झाडाचं मूळ, कुणीतरी गवतात विसरलेला पाण्याच्या पाइपचा नळ पात्याला लागला की तोच ओढा एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि बोल्टला एक जोरदार हिसका बसतो. दर आठवड्याला कापणी आणि दर कापणीत असे पाचपंचवीस हिसके. हा दोष नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. उलटे आटे असते तर चालू मशीनमधून पातं सुटून कुणाच्या तरी पायावर गेलं असतं.

घट्टपणाचं दुसरं अर्धं कारण तुमचा पत्ता. घोडबंदरचा किल्ला ज्या खाडीकाठावर उभा आहे, तिथून आणि भाईंदरच्या मिठागरांवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. ते पात्यावर, बोल्टच्या डोक्याखालच्या वॉशरवर पातळ थराने बसतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठातली मॅग्नेशियमची क्षारं त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलसर राहतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो थर क्वचितच सुकतो. वर कापलेल्या गवताचा ओला लगदा बोल्टभोवती चिकटून बसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि आट्यांच्या फटीत वाढायला जागाच नसते. तेव्हा तो आट्यांमध्ये पाचरीसारखा ठोकला जातो. आधीच मशीनने आवळलेला बोल्ट, त्यात ही पाचर. माळीबुवांच्या हाताला दोष देऊ नका.

आता प्लगच्या वायरकडे वळू. बोल्ट सोडवायचा म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवायचा, आणि इंजिन स्वतः त्याच दिशेने फिरतं. म्हणजे पाना लावून तुम्ही जोर लावता तेव्हा बोल्ट सुटला नाही तर शाफ्टच फिरतो, आणि तो फिरतो नेमका चालू व्हायच्या दिशेने. दोरी ओढून मशीन सुरू करताना जे होतं तेच तुम्ही खालून पान्याने करत असता. पिस्टन वर जातो, सिलिंडरमधली हवा दाबली जाते, आणि तिथे थोडी पेट्रोलची वाफ शिल्लक असतेच. फ्लायव्हीलमध्ये बसवलेलं चुंबक कॉइलजवळून गेलं की ठिणगी पडते. याला बॅटरी लागत नाही, चावी लागत नाही, फक्त फिरणं लागतं. हातानं अगदी सावकाश फिरवलं तर सहसा ठिणगी पडण्याइतका वेग येत नाही, हे खरं. पण अडलेला बोल्ट सावकाश फिरत नाही. तो अडून बसतो आणि मग एकदम झटका देतो.

‘खटका स्टॉपवर आहे’ हा तुमचा मुद्दा मला पटतो, पण एका ठिकाणी तो फसतो. घरातलं दिव्याचं बटण बंद केलं की विजेची जोडणी तुटते. बटण गंजलं, खराब झालं तर दिवा लागणार नाही, एवढंच. चुंबकाच्या इंजिनात हे उलटं आहे. इथे बंद करणं म्हणजे कॉइलची एक बारीक तार इंजिनच्या अंगाला टेकवणं, जेणेकरून वीज प्लगपर्यंत न जाता तिथेच जिरेल. ही तार टेकली तरच मशीन बंद. खटक्याखालची पत्री गंजली, तार तुटली किंवा खटक्यापासून इंजिनपर्यंत जाणारी केबल ताणून सैल झाली तर ‘स्टॉप’ लिहिलेल्या जागी दांडा असूनही काहीच टेकलेलं नसतं. म्हणजे मशीन बंद झालंय असं वाटतं, आणि खरं तर ते चालू व्हायला मोकळं असतं. खाडीची जी हवा बोल्ट जाम करते तीच ही पत्रीही खाते. आपल्या भागात जुनी मशीनं ‘स्टॉप’ला न जुमानता धडधडत राहतात, ते पुष्कळदा यामुळेच. तुमचं मशीन खटका ओढताच झटकन बंद पडत नसेल तर ही पत्री आधी तपासा.

म्हणून बाकी कशावर विसंबू नका. इंजिन पूर्ण गार झालं की प्लगवरची रबरी टोपी पकडा, तार नव्हे, आणि आधी थोडी डावी-उजवी फिरवून मग सरळ बाहेर ओढा. तारेला धरून ओढलं तर आत टोपीतली पकड सुटते आणि पुढे मशीन सुरूच होत नाही. टोपी निघाली की काम झालं असं समजू नका. ही तार जाड रबराची, जुनी झाली की कडक होते आणि सोडून दिली की परत आपल्या जागी येऊन प्लगला टेकते. एक सुतळी घ्या आणि टोपी हँडलच्या दांड्याला बांधून टाका, प्लगपासून चांगली वीतभर दूर. टोपीच्या आत डोकावून पाहायलाही हरकत नाही. तिथे हिरवट बुरशीसारखं दिसलं तर तो तांब्याला लागलेला क्षार आहे, तो जुन्या टूथब्रशने काढा. मशीन बटणाने सुरू होणारं असेल तर बॅटरीही काढून ठेवा.

आता मशीन आडवं करायचं. त्याआधी पेट्रोल काढून घ्या, निदान नळ बंद करून टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा जाड कागद ठेवून झाकण आवळा. आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्बुरेटर वरच्या बाजूला येतील असं ठेवा. उलट बाजूला पाडलं तर इंजिनातलं तेल फिल्टरमध्ये शिरतं, मग फिल्टर चिकट आणि मशीन सुरू केल्यावर पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट. सोसायटीत फोन येतात, ‘आग लागली का?’ रॉकेलबद्दल एक गोष्ट : बोल्ट शाफ्टच्या टोकात आंधळ्या भोकात बसलेला असतो, वर काही उघडी जागा नाही. तेल आत जायला एकच वाट आहे, बोल्टच्या डोक्याखालून. मशीन चाकांवर उभं असताना खालून रॉकेल मारलं तर ते थेंबथेंब जमिनीवर पडतं, आत जातच नाही. आडवं करून मारलं तर फटीतून थोडं शिरतं. रॉकेलपेक्षा गंज सोडवायचं पातळ तेल, जे फवारणीच्या डब्यात हार्डवेअरवाल्याकडे मिळतं, ते चांगलं. आधी तारेच्या ब्रशने डोक्याभोवतीचा लगदा आणि सुटा गंज काढा, नाहीतर तेल लगदाच पितो. तास-दोन तासांनी थोडं थोडं मारत दिवसभर राहू द्या. ज्यांना पूर्ण उलटं करायचं असेल त्यांनी पेट्रोल आणि इंजिन ऑइल दोन्ही काढल्यावरच करावं. तेल काढलं तर हँडलवर मोठ्या अक्षरात ‘तेल नाही’ अशी चिठ्ठी लावा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मशीन सुरू करून पाहतंच.

आता पातं अडवायचं. लाकडाचा जाड ओंडका घ्या, दोन-अडीच इंच जाडीचा. तो कुठे ठेवायचा हे पुन्हा दिशेवरूनच कळतं. बोल्ट सोडवताना पातं इंजिनच्या दिशेने, म्हणजे धारेची कड पुढे करून फिरू पाहतं. पातं नीट पाहिलंत तर धार एकाच बाजूला असते, ती चालण्याची बाजू. तेव्हा ओंडका धारेच्या पुढे, पात्याचं टोक आणि मशीनच्या पत्र्याची भिंत यांच्यामध्ये बसतो. उलट बाजूला बसवला तर तो घट्ट करताना उपयोगी पडेल, सोडवताना गळून पडेल आणि धार तुमच्या मनगटाकडे येईल. जाड हातमोजे घाला आणि पाना ओढताना हात पात्याच्या वाटेत येणार नाही असे उभे राहा. काहीजण प्लग काढून सिलिंडरमध्ये दोरी भरतात आणि पिस्टन अडवतात. या कामाला मी ती युक्ती सांगत नाही. तो सगळा जोर आतल्या कनेक्टिंग रॉडवर येतो आणि इथे जोर बराच लागणार आहे.

पान्याचा विषय थोडा लांबतो, कारण तुमचे कोपरे तिथेच गोल झाले. स्क्रू पाना इथे वापरूच नका. त्याचा जबडा दोनच बाजूंना धरतो आणि जोर आला की थोडा उघडतो. लागतो तो सहा कोनांचा सॉकेट. बाराकोनी सॉकेट फक्त कोपऱ्यांवर टेकतो, सहाकोनी सगळ्या सपाट बाजूंना टेकतो. मापाचं गणित सांगतो. बऱ्याच मशीनांचे बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. ⅝ इंच म्हणजे 15.9 मिलिमीटर, त्याला 16 चा सॉकेट व्यवस्थित बसतो. पण ⁹⁄₁₆ इंच म्हणजे 14.3 मिलिमीटर. त्यावर 14 बसत नाही आणि 15 बसला तर पाऊण मिलिमीटर ढिला राहतो. जाम बोल्टवर तेवढी ढिलाई कोपरे उडवायला पुरते. माळीबुवांच्या हातून असंच काही झालं असेल. नेमकं मापाचं, चांगल्या पोलादाचं सॉकेट हवं. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर ते सुटं मिळतं, पूर्ण सेट घ्यायची गरज नाही. तुमच्या बोल्टचे दोनच कोपरे गोल झालेत, म्हणजे सहाकोनी सॉकेट अजून धरेल. आधी कानशीने डोक्यावरचा गंजाचा पापुद्रा काढा आणि सॉकेट हातोडीने हलके ठोकून तळापर्यंत बसवा.

आता पाइप. तुमचा दीड हाताचा पाइप आणि एका माणसाचा जोर याचा हिशोब करू. फक्त अर्धा मीटर लांबी धरली आणि तिच्या टोकाला चाळीस किलोचं वजन टाकलं तरी बोल्टवर जवळपास दोनशे न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. हा बोल्ट साधारण दहा मिलिमीटर जाडीचा असतो, मशीनच्या पुस्तिकेत तो पन्नास ते ऐंशी न्यूटन-मीटरला आवळायला सांगतात. शंभराच्या पुढे गेलं की असा बोल्ट धोक्याच्या हद्दीत जातो आणि दोनशेला तो मोडायलाच बसतो. म्हणजे पाइपने बोल्ट सुटायच्या आधी मोडायचीच शक्यता जास्त. पाना ओढताना बोल्ट रबरासारखा लवचिक वाटतोय, थोडा फिरतो आणि सोडला की मागे येतो, अशी जाणीव झाली तर लगेच थांबा. तो सुटत नाही, तो पिळला जातोय. सुटणाऱ्या बोल्टची जाणीव वेगळी असते : काहीच हलत नाही, हलत नाही आणि मग एकदम ‘टक’.

सावकाश वाढणाऱ्या जोरापेक्षा छोटे छोटे धक्के चांगले, कारण धक्क्याने गंजाचा थर तडकतो आणि बोल्टला पिळायला वेळ मिळत नाही. आधी सॉकेटला आवळायच्या दिशेने किंचित हिसका देऊन पाहा, मग सोडायच्या दिशेने. पुष्कळदा याच पहिल्या उलट्या हिसक्याने गंज फुटतो. नाही फुटला तर डोक्यावर पितळी किंवा जाड लोखंडी दांडा ठेवून मध्यम हातोडीने पाच-सहा ठोके द्या. घण नको. हा ठोका सरळ शाफ्टमधून इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर जातो, आणि ते फुटलं तर इंजिनच गेलं. मग पुन्हा तेल, पुन्हा तासभर. सारं करून हलला नाही तर रेटू नका.

त्यानंतरचा उपाय तुमच्या दाराशीच आहे. घोडबंदर रोडवर आणि पुढे महामार्गाला टायरवाल्यांची रांग आहे आणि त्यांच्याकडे हवेवर चालणारी पाना-गन असते, गाडीच्या चाकांचे नट काढायची. ती हेच करते : एकेक पीळ न देता सेकंदाला कितीतरी छोटे धक्के देते. मशीन टेम्पोत घालून तिथे न्या, प्लगची वायर बांधलेलीच राहू द्या, आणि टायरवाल्याला सांगा की जोर सगळ्यात कमी ठेवून दोन-तीन सेकंदांचे तुकडे दे. ही गन गाडीच्या जाड नटांसाठी आहे, तुमचा बोल्ट त्यापुढे लेकरू. दोन-तीन तुकड्यांत नाही सुटला तर थांबवा, कानाला आणि बोल्टला दोघांनाही विश्रांती द्या, तेल मारा आणि पुन्हा. बॅटरीवर चालणारी छोटी इम्पॅक्ट गन कुणाकडे असेल तर ती याहून बरी, कारण तिचा जोर आटोक्यात राहतो. आणि ओंडका तरीही अडकवाच. गनला धरून ठेवायला ओंडक्याची फारशी गरज पडत नाही, पण बोल्ट सुटला की पातं फिरणार, आणि ते मोकळं फिरावं असं कुणालाच वाटत नाही.

उष्णतेबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. बोल्टला गॅसच्या बर्नरने तापवलं की तो सुटतो, हे खरं आहे. पण पात्याच्या अगदी वर, शाफ्टभोवती, तेल अडवणारं रबरी सील असतं आणि ते बर्नरच्या आचेने खराब होतं. इंजिन सुरू केल्यावर पात्यावर तेल ठिबकू लागलं की समजावं, सील गेलं. शिवाय टाकी रिकामी केली तरी आत वाफ राहतेच. हे काम टाकी पूर्ण काढून गॅरेजमध्येच व्हावं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही.

समजा डोकं पूर्णच गोल झालं. तेव्हा कारागीर मापाला लहान सहाकोनी सॉकेट ठोकून बसवतो, किंवा डोक्यावर नट ठेवून तो वेल्डिंगने चिकटवतो. वेल्डिंगची उष्णता आणि नटाची पकड मिळून दोन्ही कामं होतात. पण एक अट : वेल्डिंगची जमिनीची क्लिप बोल्टला किंवा पात्याला लावा, इंजिनच्या अंगाला नाही. नाहीतर वीज शाफ्टच्या बेअरिंगांतून जाते आणि त्यांच्यावर ठिपके पाडते. बोल्ट मोडलाच तर घाबरू नका. डोकं गेलं की पातं सैल होतं, आवळणारा ताण निघून जातो आणि आतला तुकडा बऱ्याचदा हाताच्या पकडीने किंवा पकडीला जरा जोर लावून निघतो. तो निघत नसेल तर मात्र स्वतः भोक पाडायला बसू नका. भोक मधोमध न पडता तिरकं गेलं तर शाफ्टचे आटे जातात, आणि क्रँकशाफ्ट हा इंजिनचा सगळ्यात महागडा भाग. लेथवाल्याकडे न्या, त्याच्याकडे मध्य शोधायची सोय असते.

पातं काढण्याआधी एकदा शाफ्टच्या टोकाकडे बघा. प्लगची वायर अजून काढलेलीच आहे, म्हणून पातं हाताने सावकाश फिरवून पाहा, बोल्टचं डोकं मधोमध फिरतंय की लंगडतंय. लंगडत असेल तर शाफ्ट वाकलाय आणि नवी धार त्याला वाचवणार नाही. काढलेलं पातं एका खिळ्यावर मधल्या भोकाने टांगून ठेवा, दोन्ही बाजू सारख्या राहिल्या पाहिजेत. एक बाजू खाली गेली तर तिकडून कानशीने थोडं काढा, नाहीतर हँडलला असे हादरे बसतात की पुढच्या वेळी बोल्ट सैलही होतो. बाकी धार लावायची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच.

परत लावताना बोल्ट नवीन घ्या. पंचवीस-पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी पिळलेला बोल्ट वापरू नका, पण तो मापाने आणि दर्जाने जुन्याशी जुळणारा हवा. कुठल्याही हार्डवेअरचा मऊ बोल्ट नको. बोल्टच्या डोक्याखाली बशीसारखा वॉशर असेल तर तो ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने लावा. काढतानाच मोबाइलवर फोटो घेऊन ठेवलात तर वाद राहत नाही. पात्याचे उचललेले पंख इंजिनकडे, म्हणजे वर. आटे ब्रशने स्वच्छ करून बारीक तेलाचा हात फिरवा आणि पुस्तिकेतला आकडा पाळून टॉर्क पान्याने आवळा. जास्त तेल किंवा ग्रीस लावून तेवढाच आकडा गाठलात तर बोल्टला प्रत्यक्षात अधिक ताण बसतो, कारण घर्षण कमी झालेलं असतं. ओंडका यावेळी पात्याच्या दुसऱ्या बाजूला जाईल, कारण आता पातं उलट दिशेने ढकललं जातं.

पातं बसवून ओंडका काढला की एकदा हाताने फिरवून पाहा, पत्र्याला कुठे घासत नाही ना. मशीन चाकांवर ठेवा, तेलाची पातळी बघा, मग प्लगची टोपी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवा. तुमच्या खाडीच्या हवेत पातं वर्षातून दोनदा निघावं : पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा आणि तो सरल्यावर एकदा. त्या वेळी धार लावायची गरज नसेल, तरीही बोल्ट उघडून, पुसून, परत आवळा. मधल्या काळात कापणी झाली की पोटाखालचा लगदा लाकडाच्या पट्टीने खरवडून काढा आणि मशीन धुतलंत तर थोडा वेळ चालू ठेवून सुकवा. पंपरूमच्या ओल्या कोपऱ्यात ते उभं करू नका, वरच्या जिन्याखाली जागा असेल तर तिथे.